स्लायसर म्हणतो पावणेचार तास, मशीन घेतं साडेपाच : लांब थ्रीडी प्रिंट लावायच्या आधी वेळ, ग्रॅम आणि खर्च नीट कसा काढायचा

गणपती जवळ आले की हा प्रश्न दरवर्षी येतो. मखराच्या जाळ्या, नावाच्या पाट्या, समया ठेवायचे स्टँड अशा ऑर्डरी सुरू होतात, स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे थर पाडून मशीनसाठी फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दिसलेला आकडा बघून माणूस गिऱ्हाईकाला शब्द देतो, आणि मग वेळ पुरत नाही, फिलामेंटचा म्हणजे प्लॅस्टिकच्या तारेचा रोल मधेच संपतो किंवा हिशोब केल्यावर कळतं की हातात काहीच उरलं नाही. यंदा माझ्या मालवणच्या मावसभावाचा फोन आला, "दादा, स्लायसर सांगता पावणेचार तास, मशीन घेता साडेपाच, आता गिऱ्हायकाक काय सांगू ता माका कळना नाय." त्याचीच केस इथे पूर्ण सोडवून दाखवतो, कारण ज्यांच्याकडे साधा मार्लिन फर्मवेअरवाला, बेड पुढेमागे सरकणारा प्रिंटर आहे त्या बहुतेकांची अडचण अगदी हीच असते.

काम असं होतं. मखरासाठी सहा जाळीचे पॅनल, प्रत्येकी २०० बाय २०० मिमी, जाडी ४ मिमी, पीएलए प्लॅस्टिक सोनेरी रंगात. नमुना म्हणून त्याने एक पॅनल पांढऱ्यात काढून बघितलं. लेयर म्हणजे एका थराची उंची ०.२ मिमी, स्पीड १०० मिमी प्रति सेकंद. स्लायसरने दाखवले ३ तास ४० मिनिटं आणि ७८ ग्रॅम. प्रत्यक्षात लागले ५ तास २० मिनिटं आणि पॅनल काट्यावर भरलं ८२ ग्रॅम. म्हणजे सहा पॅनलचे स्लायसरप्रमाणे २२ तास, आणि खरे ३२ तास. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात हा दहा तासांचा फरक म्हणजे पुरा दीड दिवस जातो, कारण रात्री मशीन संपलं तर पुढचं पॅनल लावायला कोणी जागं नसतं.

आधी वेळेचं बघू, कारण जास्त घोळ तिथेच असतो. स्लायसर प्रत्येक रेघेचा वेळ स्वतः मोजतो, त्यासाठी त्याला स्पीड तर लागतोच पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ॲक्सिलरेशन लागतं, म्हणजे हेड किती झपाट्याने त्या स्पीडला पोचतो ते. स्पीड तुम्ही टाकलेला असतो, ॲक्सिलरेशनचा आकडा मात्र प्रोफाइलमध्ये आधीपासून बसलेला असतो आणि तो तुमच्या मशीनचा असेलच असं नाही. भावाच्या स्लायसरमध्ये तो १५०० मिमी प्रति सेकंद वर्ग होता, आणि मशीनच्या आत ५००. परशुराम घाटात गाडीचा काटा शंभर दाखवू शकतो म्हणून कोणी वळणावळणाला शंभरने जात नाही, तसंच आहे हे, दोन वळणांमध्ये जेवढी सरळ जागा मिळेल तेवढाच वेग चढतो.

आता हे जाळीवर लावून बघा. जाळीत साधारण ८ मिमीची छोटी रेघ धरली, कोपऱ्यावर थांबून परत सुटायचं आणि पुढच्या कोपऱ्याला परत थांबायचं, तर पहिल्या ४ मिमीत जेवढा वेग चढेल तोच सर्वात जास्त वेग. ५०० च्या ॲक्सिलरेशनला तो ६३ मिमी प्रति सेकंद येतो, बस. तुम्ही स्पीड १०० लावा नाहीतर २०० लावा, ती रेघ ६३ च्या वर जातच नाही. स्लायसर मात्र १५०० धरून बसलाय, त्याला वाटतं हेड १०० ला आरामात पोचलं. त्याच्या हिशोबाने त्या रेघेला ०.१५ सेकंद लागतात, खरे लागतात ०.२५. तीच रेघ ६० मिमी लांब असती तर स्लायसरचा अंदाज ०.६७ आणि खरा वेळ ०.८, म्हणजे फरक अगदी कमी. म्हणूनच त्याच मशीनवर साधा चौकोनी डबा काढला तर वेळ जवळपास जुळतो आणि जाळी, अक्षरं, नक्षी काढली की वेळ एकदम बोंबलतो. तुमच्याकडे असं होत असेल, साध्या मॉडेलला ठीक आणि नक्षीदार मॉडेलला चूक, तर ॲक्सिलरेशनवरच संशय घ्या. (कोपऱ्यावर हेड पूर्ण थांबत नाही, जर्क नावाची थोडी सूट असते, त्यामुळे खरे आकडे किंचित बरे येतात पण चित्र हेच राहतं.)

मशीनचा खरा आकडा काढायला प्रिंटर यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा, प्रॉन्टरफेससारखा कुठलाही टर्मिनल उघडा आणि एकच कमांड द्या.

```
M503
```

मोठी यादी येते, त्यातल्या या ओळी शोधा. भावाच्या मशीनवर अशा होत्या.

```
M201 X500.00 Y500.00 Z100.00 E5000.00
M203 X500.00 Y500.00 Z5.00 E25.00
M204 P500.00 R500.00 T500.00
M205 X10.00 Y10.00 Z0.30 E5.00
```

`M201` म्हणजे प्रत्येक अक्षाची कमाल ॲक्सिलरेशन, `M203` कमाल स्पीड, `M204` प्रिंट करताना वापरायची ॲक्सिलरेशन आणि `M205` म्हणजे जर्क. ज्यांना केबल लावायची नाही त्यांना बऱ्याच मशीनच्या स्क्रीनवरच `Motion` मध्ये हे आकडे सापडतात. मार्लिनऐवजी क्लिपर फर्मवेअर वापरत असाल तर `M503` चा उपयोग नाही, तुमचा आकडा `printer.cfg` मध्ये `max_accel` समोर लिहिलेला असतो.

हे आकडे प्रुसास्लायसरमध्ये `Printer Settings` मधल्या `Machine limits` पानावर जसेच्या तसे भरायचे. वरती `How to apply limits` असा पर्याय आहे, तिथे `Use for time estimate` निवडा, मग हे आकडे फक्त वेळ मोजायला वापरले जातात. `Emit to G-code` निवडलंत तर स्लायसर हेच आकडे फाइलमध्ये लिहून मशीनला पाठवतो आणि मशीन त्याप्रमाणे चालायला लागतं, तिथे मोठे आकडे राहिलेले असतील तर लेयर सरकलेला बघायला मिळतो. म्हणून आधी फक्त अंदाजासाठी वापरा. क्युरावाल्यांनी `Acceleration Control` चालू करून तिथे मशीनचा खरा आकडा टाकायचा.

एवढं केल्यावर त्याच पॅनलचा अंदाज ३ तास ४० वरून ५ तास २ मिनिटांवर आला. खरे ५ तास २०. उरली १८ मिनिटं, आणि ती कुठे गेली तेही शोधायला हवं, कारण त्यात दोन वेगळ्या जातीचे वेळ मिसळलेले असतात. एक ठरावीक वेळ, जो प्रिंट छोटी असो वा मोठी तेवढाच लागतो, बेड नि नोझल तापणं आणि लेव्हलिंगचे पॉइंट घेणं, हे घड्याळ लावून मोजलं तर दहा मिनिटं भरलं. दुसरा वेळ प्रिंटच्या लांबीप्रमाणे वाढतो, बारीक वळणांवर बोर्ड जरा अडखळतो वगैरे. तर ३२० मिनिटांतून १० वजा केली, राहिली ३१०, त्याला स्लायसरच्या ३०२ ने भागलं, आलं १.०३. म्हणजे या मशीनसाठी सूत्र झालं:

```
खरा वेळ = 10 + 1.03 × स्लायसरची मिनिटं
```

हे ठरावीक आणि वाढीव वेगळं काढणं का महत्त्वाचं ते सांगतो. पुष्कळजण नुसतं "आपलं मशीन दीडपट घेतं" असं धरून चालतात. मग पाऊण तासाच्या कीचेनला तो दीडपट एक निघतो, पाच तासांच्या जाळीला दुसरा आणि चौदा तासांच्या फुलदाणीला तिसराच, आणि माणूस म्हणतो स्लायसरवर भरवसाच नाही. भरवसा ठेवता येतो, फक्त त्याला खरी माहिती द्यायला लागते.

आणि सूत्र तपासायला पूर्ण प्रिंट काढायची गरज नाही. प्रुसास्लायसरच्या प्रिव्ह्यूत उजवीकडच्या उभ्या स्लायडरवर प्रत्येक लेयरपर्यंतचा अंदाजे वेळ दाखवता येतो. पहिला लेयर मुद्दाम हळू असतो म्हणून तो सोडा, दुसरा लेयर सुरू होताना घड्याळ बघा, सहावा सुरू होताना परत बघा, आणि तेवढ्याच लेयरचा स्लायसरमधला वेळ शेजारी लिहा. जाळीसारख्या मॉडेलमध्ये सगळे लेयर सारखेच असल्यामुळे सव्वा दीड तासात तुम्हाला कळतं की पुढचे तास कसे जाणार आहेत, आणि आकडा पटत नसेल तर थोडंसं मटेरियल घालवून थांबता येतं.

आता ग्रॅम. ७८ च्या जागी ८२ म्हणजे चारच ग्रॅम, कोण बघतो असं वाटतं, पण सहा पॅनलला मिळून एक रोल पुरणं न पुरणं यावरच ठरतं.

पहिली तपासणी डोक्यात करता येते. १.७५ मिमी जाडीचं पीएलए, घनता १.२४, म्हणजे एक मीटरचं वजन जवळजवळ ३ ग्रॅम, आणि एक किलोच्या रोलवर साधारण ३३५ मीटर. स्लायसर मीटर आणि ग्रॅम दोन्ही दाखवतो, तर मीटरला तीनने गुणा. पॅनलला २६ मीटर दाखवत होता, तीनने गुणून ७८, बरोबर. इथे जर गुणाकार जुळला नाही तर घनता किंवा फिलामेंटची जाडी चुकीची भरलेली आहे. जाडी चुकून २.८५ राहिली असेल तर मीटरला आठ ग्रॅमच्या आसपास दिसतं, लगेच लक्षात येतं. पीईटीजीची घनता १.२७, एबीएसची १.०४, त्यामुळे मटेरियल बदललं आणि प्रोफाइल तेच ठेवलं तर ग्रॅम चुकणारच, एबीएसला तर चांगलेच.

भावाचा गुणाकार जुळत होता, म्हणजे स्लायसरचा हिशोब बरोबर आणि मशीन जास्त फिलामेंट ढकलतंय. याची एक खूण नमुन्यावरच होती, वरचा पृष्ठभाग खरखरीत आणि जाळीची अगदी बारीक भोकं बुजल्यासारखी. अशा वेळी एक्स्ट्रूडर तपासायचा. नोझल तापवा, एक्स्ट्रूडरच्या तोंडापासून १२० मिमीवर मार्करने खूण करा आणि हे पाठवा.

```
M83
G1 E100 F100
```

एक मिनिटात १०० मिमी आत जायला हवं, खुणेपर्यंत २० मिमी उरायला हवं. त्याच्याकडे उरलं १५, म्हणजे १०५ गेलं. ५ टक्के जास्त, आणि ७८ चे ५ टक्के जास्त म्हणजे बरोबर ८२, सगळं जुळलं. `M503` मध्ये `M92` च्या ओळीत ई चा आकडा ९३ होता, तो १०० ने गुणून १०५ ने भागला, ८८.५७.

```
M92 E88.57
M500
```

यानंतर परत एकदा खूण करून मोजायचं, विसरू नका. आणि हे केल्यावर स्लायसरमधला फ्लो आधी कमी करून ठेवला असेल तर तो परत शंभर टक्क्यांवर आणा, नाहीतर एकाच चुकीवर दोनदा उपाय होतो आणि जाळी ठिसूळ निघते.

मग प्रति पॅनल ७८, आणि सुरुवातीची नोझल साफ करायची रेघ नि बेडला पकड यावी म्हणून कडेला येणारी ब्रिम मिळून २ धरले, ८० ग्रॅम. सहाचे ४८०. सोनेरी रोल अर्धवट वापरलेला होता, तो तसाच काट्यावर ठेवला तर ७०५ भरला, त्याच कंपनीची रिकामी रीळ २१५, म्हणजे शिल्लक ४९०. किराणा मोजायचा साधा डिजिटल काटा यासाठी पुरतो. रीळ प्रत्येक कंपनीची वेगळ्या वजनाची असते, पुठ्ठ्याची वेगळी, प्लॅस्टिकची वेगळी, म्हणून रोल संपला की रिकामी रीळ मोजून वजन कुठेतरी लिहून ठेवा, आणि नवीन रोल आला की उघडल्याबरोबर भरलेला मोजून त्याच्यावरच मार्करने लिहा.

४८० लागणार, ४९० आहे, पुरतंय ना? माझं मत, नाही पुरत. एक पॅनल अर्ध्यावर बिघडलं की संपलं. आणि मखराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, सोनेरी रंग रोलागणिक किंचित बदलतो, दिव्यांच्या उजेडात शेजारी शेजारी लावले की तो फरक उठून दिसतो. म्हणून मी त्याला सांगितलं की समोर एका ओळीत दिसणारी पॅनल सगळी एकाच रोलमधून काढ, दोन बाजूंची दुसऱ्यातून चालतील, आणि नवीन रोल आधीच मागवून ठेव, कुरियर मालवणात यायला पावसात दिवस लागतात.

फिलामेंट वाचवायला इन्फिल, म्हणजे आतली भर, कमी करू का, हे त्याने विचारलंच, सगळे विचारतात. जाळीत काही उपयोग नाही. त्याच्या जाळीची पट्टी २.४ मिमी रुंद, दोन्ही बाजूंनी तीन तीन भिंती, म्हणजे पट्टी भिंतींनीच भरून गेली, आत इन्फिलला जागाच नाही. १५ टक्के ठेवा की ४० ठेवा, ग्रॅम तेच दिसतात. इन्फिलचा फरक पडतो तो जाडजूड पोकळ वस्तूत. हे स्लायसरमध्ये टक्का बदलून परत स्लाइस करून अर्ध्या मिनिटात बघता येतं, अंदाज करत बसू नका.

वेळ मात्र वाचवता येतो, लेयरची उंची वाढवून. ४ मिमीचं पॅनल ०.२ ने वीस लेयर, ०.२८ ने चौदा. पॅनल सपाट, बघणारा समोरून बघतो, कडेच्या रेघा कोणाला दिसत नाहीत, त्यामुळे इथे ०.२८ लावायला काहीच हरकत नाही (मूर्ती किंवा गोल मॉडेल असतं तर मी असं सांगितलं नसतं). फक्त स्पीड १०० वरून ७० वर आणायला सांगितला, कारण ०.२८ जाड थर १०० च्या वेगाने टाकायचा तर नोझलमधून सेकंदाला अकरा घन मिमीच्या आसपास प्लॅस्टिक वितळून यायला लागतं आणि साध्या हॉटएंडला ते झेपत नाही, लांब रेघा पातळ पडतात. आणि ७० केल्याने गमावलं जवळपास काहीच नाही, कारण छोट्या रेघा तशाही ६३ च्या वर जात नव्हत्या. स्लायसरने दाखवले ३ तास ४५ मिनिटं, सूत्रात टाकले, ४ तास २ मिनिटं. सहाचे चोवीस तास. ग्रॅम तेवढेच.

खर्चाचं आता सोपं आहे. हजार रुपये किलोचा रोल धरला तर ८० ग्रॅमचे ८० रुपये. विजेचं लोकांना उगाच टेन्शन असतं, प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर घेऊन मोजलं तर पीएलएला सुरुवातीला बेड तापताना जास्त आणि नंतर सरासरी १२० वॅटच्या आसपास येतं, चार तासांचं अर्धं युनिट, दहा रुपये युनिट धरलं तरी पाच रुपये. खरा विसरला जाणारा खर्च मशीनच्या तासाचा असतो. पंचवीस हजाराचं मशीन अडीच हजार तास चालेल असं धरलं तर तासाला दहा रुपये, म्हणजे चार तासांचे ४०. बेरीज १२५. त्यावर दहातलं एक पॅनल वाया जाईल असं धरून दहा टक्के, साधारण १३८ रुपये, सहाचे ८२८. यात काढणं, कडा साफ करणं, पॅकिंग, पोचवणं आणि तुमची मजुरी काही नाही, ते वेगळं लावायचं. भावाने दर लावला होता तो नुसता ४६८ ग्रॅमवर.

रोलची किंमत नि घनता प्रुसास्लायसरमध्ये `Filament Settings` मध्ये एकदा भरून ठेवली की स्लाइस केल्यावर मटेरियलचे पैसे तो तिथेच दाखवतो, बाकीचं वहीत किंवा एक्सेलमध्ये जोडा.

दहा टक्के वाया हा आकडा मी कोकणातल्या पावसाळ्यासाठी धरतो आणि तोही फिलामेंट कोरडं असेल तर. भाद्रपदात इथली हवा एवढी दमट असते की उघडा ठेवलेला रोल पाणी धरतो, नोझलपाशी बारीक फटफट आवाज येतो आणि जाळीच्या प्रत्येक भोकात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. वजनात हा फरक काट्यावर जाणवण्याइतका नसतो, त्यामुळे ग्रॅमचा अंदाज बरोबर येतो आणि पॅनल तरीही फेकावं लागतं. म्हणून रोल ४५ ते ५० अंशाला पाच सहा तास सुकवायचा आणि ते तास वेळापत्रकात धरायचे, चोवीस तासांच्या प्रिंटमध्ये ते कुठेच दिसत नाहीत. पीएलए याहून जास्त तापवू नका, रीळेवरच मऊ होऊन एकमेकाला चिकटतं.

राहता राहिली लाईट. लाईट गेल्यावर पुढून सुरू करायची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, पण तोवर बेड गार होतो आणि सपाट पॅनल बेडवरून सुटतं, म्हणून जाळीसाठी मी त्या सोयीवर अवलंबून राहत नाही, लाईट गेली की ते पॅनल गेलं असंच धरतो. चार तासांच्या पॅनलमध्ये शेवटच्या तासाला लाईट गेली तर बुडतात ६० ग्रॅम आणि तीन तास. ०.२ लेयरला तेच पॅनल सव्वापाच तास उघड्यावर राहिलं असतं.

शेवटी वेळापत्रक असं ठरलं. पॅनल झाल्यावर बेड गार होऊन काढायला आणि पुसायला वीस मिनिटं, म्हणजे एका फेरीचे साधारण ४ तास २० मिनिटं. सकाळी सातला पहिलं, साडेअकराला दुसरं, चारला तिसरं, आणि साडेआठला चौथं लावायचं जे रात्री साडेबाराला संपतं. दुसऱ्या दिवशी दोन, ती दुपारी साडेतीनपर्यंत उरकतात, आणि एखादं बिघडलं तर संध्याकाळची एक फेरी मोकळी आहे. गिऱ्हाईकाला तिसऱ्या दिवशी दुपारची वेळ दिलीय.